बारा हप्त्यांचा हिशेब

आरडीची मुदत संपली की काउंटरवर एक तक्रार हमखास येते. महिन्याला दोन हजार रुपये वर्षभर भरलेला माणूस पासबुक पुढे सरकवतो आणि म्हणतो, "व्याज कमी आलंय. साडेसहा टक्के सांगितलं होतं. चोवीस हजारांवर साडेसहा टक्क्यांनी पंधराशे साठ होतात. तुम्ही तर साडेआठशेच दिलेत." आवाजात राग असतो, आणि त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर तो राग खोटा नसतो. त्याने शाळेत शिकलेलं गणित बरोबर केलेलं असतं. खिडकीमागची व्यक्ती घाईत असेल तर म्हणते, "सिस्टीमनेच काढलंय, काका." काका निघून जातात. पुढच्या वर्षी ते आरडी काढत नाहीत, आणि घरीदारी सांगतात की बँका अर्धं व्याज खातात.

या लेखात मी जी गोष्ट सांगणार आहे, ती याच तक्रारीतून सुरू होते. गोष्टीतली क्लार्क मी रचलेली आहे, म्हणून तिला नाव देत नाही. तिची खिडकी, तिचे आकडे आणि तिची भीती मात्र कोणत्याही तालुक्याच्या गावातल्या शाखेत सापडेल. राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी, वय पस्तिशीच्या आसपास, सकाळी रोकड काउंटर आणि दुपारनंतर ठेवींचं टेबल. एका रविवारी तिने वहीच्या पानावर त्या काकांचा हिशेब सरळ मराठीत लिहून काढला. हे पान आपल्या सोसायटीच्या फलकावर लावावं, दर महिन्याला असं एक पान लिहावं, असं तिला वाटलं. मग तिने ते पान घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

पान ड्रॉवरमध्ये का राहिलं ते नंतर सांगतो. आधी त्यात काय होतं ते पाहू.

आरडी म्हणजे आवर्ती ठेव. तिच्यात चोवीस हजार रुपये वर्षभर बँकेकडे नसतातच. पहिल्या दिवशी दोन हजारच असतात. हा पहिला हप्ता पूर्ण बारा महिने बँकेत राहतो, म्हणून त्याच्यावर वर्षाचं पूर्ण व्याज मिळतं, १३० रुपये. दुसरा हप्ता अकरा महिने राहतो, त्याचे ११९ रुपये होतात. असं उतरत उतरत शेवटचा हप्ता जेमतेम एक महिना राहतो आणि त्याला ११ रुपयांच्या आत व्याज मिळतं. बाराही हप्त्यांचे महिने मिळवले तर ७८ होतात. ७८ला १२ने भागलं की साडेसहा. म्हणजे सरासरीने प्रत्येक हप्ता साडेसहा महिनेच बँकेत होता. (इथे दर साडेसहा टक्के आणि सरासरीही साडेसहा महिने आली हा निव्वळ योगायोग; दर बदलला तरी महिने साडेसहाच राहतात.) चोवीस हजारांवर साडेसहा टक्क्यांनी साडेसहा महिन्यांचं व्याज काढलं तर ८४५ रुपये येतात. बँक तिमाही चक्रवाढ धरते, त्यामुळे त्यात बारा रुपयांची भर पडते आणि मुदतीला हातात २४,८५७ येतात.

काकांना बँकेने फसवलं नव्हतं. जाहिरातीतला दर आणि हातातली रक्कम यांच्यामध्ये काळ असतो, आणि तो काळ त्यांना कुणी मोजून दाखवला नव्हता, एवढंच. बचतीबद्दल सामान्य माणसाला एकच गोष्ट नीट समजावून सांगायची असेल, तर ती हीच आहे असं माझं ठाम मत आहे. टक्के सगळे विचारतात. पैसा किती दिवस कुणाकडे राहिला, हे फार थोडे विचारतात.

जुन्या क्लार्कांना हे दिवसांचं महत्त्व चांगलं ठाऊक होतं. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळत असे. १ तारखेला पगार जमा झाला आणि २८ तारखेला एकदाच खात्यात तीनशे रुपये उरले, तर त्या महिन्याचं व्याज तीनशेवर. ११ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्यात काहीच मिळत नसे. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजलं जाऊ लागलं आणि ही धावपळ संपली. तरी तशीच एक तारीख अजून जिवंत आहे. पीपीएफमध्ये ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतची किमान शिल्लक धरतात. वर्षाची कमाल रक्कम, दीड लाख रुपये, कुणी ४ एप्रिलला भरली आणि कुणी ६ एप्रिलला भरली, तर दुसऱ्याचं एका महिन्याचं व्याज जातं. आजच्या ७.१ टक्के दराने ते साधारण ८८७ रुपये होतं. दोन दिवसांच्या उशिराचे. सुकन्या समृद्धी खात्यालाही हाच नियम आहे.

तर असं पान. त्यात चुकीचं काही नव्हतं, आक्षेपार्ह काही नव्हतं. मग भीती कसली?

पहिली भीती नोकरीची. राष्ट्रीयीकृत बँकेतल्या प्रत्येकाला रुजू होताना निष्ठा आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यानंतर आलेल्या १९७० च्या कायद्याच्या तेराव्या कलमात हे बंधन घातलेलं आहे. ग्राहकाच्या व्यवहाराबद्दल बाहेर बोलायचं नाही. शहरात हे पाळणं सोपं असतं. तालुक्याच्या गावात नाव गाळून भागत नाही. "तालमीशेजारचा एक सायकल दुरुस्तीवाला दर आठवड्याला दोनशे भरतो" एवढं लिहिलं तरी सगळ्या गावाला तो कोण ते कळतं, आणि त्याच्याकडे किती शिल्लक असेल याचा अंदाजही बांधता येतो. त्याच्या भावाला, देणेकऱ्याला, सुनेला. बँकेतल्या माणसाने बचतीवर लिहायचं तर उदाहरणं खरी हवीत आणि माणसं खरी नकोत, अशी ही अडचण आहे. तिने त्यावर उपाय काढला तो मला योग्य वाटतो. माणूस काढून टाकायचा आणि हप्ता ठेवायचा. दोन हजारांची आरडी गावात शेकडो लोकांची असेल. आकडा कुणाचाच नसतो.

दुसरी भीती सल्ल्याची. आरडीचं व्याज कसं निघतं हे सांगणं म्हणजे माहिती. तुमचे पैसे अमुक योजनेत टाका हे सांगणं म्हणजे सल्ला. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते. आपली क्लार्क पैसे घेणार नव्हती. पण बँकेतली बाई सांगते म्हटल्यावर लोक ते बँकेचं बोलणं मानतात, आणि पुढे दर उतरला की जबाब तिलाच विचारतात. म्हणून तिने शाखाधिकाऱ्यांना पान आधी दाखवलं. ते वाचून म्हणाले, "मॅडम, हिशेब चोख आहे. बँकेचं नाव नको, ग्राहक नको, अमुक ठिकाणी ठेवा असं नको. बाकी तुम्ही आणि तुमची सोसायटी." हे तीन नकार तिने शेवटपर्यंत पाळले. त्यामुळे पानाचं काही बिघडलं नाही, उलट ते स्वच्छ झालं. योजनेची शिफारस नसली की लेखकाला गणितावरच उभं राहावं लागतं.

तिसरी भीती यांपेक्षा मोठी आणि अगदी घरगुती. लोक काय म्हणतील? हेड कॅशियर म्हणतील, "आता मॅडम आम्हाला बचत शिकवणार." शेजारची वहिनी म्हणेल, "पगार बँकेचा, मग सुचतं असलं." आणि कुणीतरी विचारील की तुमच्या स्वतःच्या खात्यात किती आहेत. पैशाबद्दल आपल्याकडे कुजबुज चालते, उघड बोलणं चालत नाही. भावाभावांना एकमेकांचा पगार ठाऊक नसतो. अशा समाजात जो पैशाबद्दल उघड लिहितो त्याला शहाणपणा करणारा ठरवणं सोपं जातं. म्हणून तिने फलकावर पान लावलं ते नाव न घालता, पाण्याच्या मोटरच्या नोटिशीखाली, रात्री जिन्यात कुणी नसताना.

नाव लपून राहिलं नाही. सोसायटीतल्या आजीआजोबांच्या भरणा स्लिपा तीच भरून द्यायची; अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

टीकाही आली. दुसऱ्या पानाखाली कुणीतरी लाल पेनाने लिहिलं: "असल्या आरडीत महागाईसुद्धा भरून निघत नाही." ती रात्र तिने जागून काढली असं मी लिहिणार नाही, पण तिसरं पान लिहावं की नाही हा विचार तिच्या मनात नक्कीच आला. खरं तर या टीकेत तथ्य आहे आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. आरडीने कुणी श्रीमंत होत नाही. वीस वर्षांनंतरच्या निवृत्तीसाठी कुणी फक्त आरडीवर विसंबला, तर महागाई त्याच्या पैशाची खरेदी करण्याची ताकद खात राहणार. पण आरडी त्या कामासाठी नाहीच. तारीख ठरलेला आणि वर्षभरात येणारा खर्च भागवणं, हे तिचं काम. जूनची शाळेची फी, विम्याचा वार्षिक हप्ता, दिवाळी. असा पैसा शेअर बाजारात ठेवला आणि नेमका मे महिन्यात बाजार कोसळला, तर फी थांबत नाही.

तिने पुढच्या पानावर हेच लिहिलं, एका उदाहरणाने. जूनमध्ये चोवीस हजारांची फी आहे. मे महिन्याच्या ५ तारखेला दोन हजारांची आरडी सुरू करायची. बारावा हप्ता एप्रिलमध्ये जातो, मुदत पुढच्या मे महिन्यात संपते, आणि जून उजाडण्याआधी २४,८५७ खात्यात असतात. फी देऊन आठशे सत्तावन्न उरतात. त्यांत वह्या येतात.

या उदाहरणातली ५ तारीख सहज निवडलेली नाही. काउंटरवर बसणाऱ्याला महिन्याचा आकार पाठ असतो. १ ते ७ तारखेपर्यंत खाती भरतात, रांगा लागतात. १५ नंतर पाचशे-पाचशेच्या नोटा निघायला लागतात. २५ला बऱ्याच खात्यांत किमान शिल्लकही नसते. महिनाअखेरीला जे उरेल ते टाकू असं म्हणणाऱ्याच्या खात्यात महिनाअखेरीला काही उरलेलं नसतं. तो उधळ्या नसतो. खात्यात दिसणारा पैसा खर्चाला मोकळा आहे असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. म्हणून हप्ता पगाराच्या मागोमाग आपोआप कापला जाईल अशी स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवायची. पण अगदी पगाराच्याच दिवशीची तारीख देऊ नये. पगार कधी एक-दोन दिवस लांबतो, त्या दिवशी खातं रिकामं असतं आणि हप्ता चुकतो. शिवाय गृहकर्जाचा किंवा गाडीचा हप्ता आधी कापला जातो का, हेही पाहावं लागतं. पगार १ला होत असेल तर ५ तारीख सुरक्षित.

चुकलेल्या हप्त्याची किंमतही मोजून बघण्यासारखी आहे. पाच वर्षांपर्यंतच्या आरडीला काही बँका उशिराच्या प्रत्येक महिन्यासाठी शंभराला दीड रुपया दंड घेतात. दोन हजारांच्या हप्त्याला तीस रुपये. तोच हप्ता वेळेवर भरला असता तर महिन्याला अकरा रुपयांच्या आतबाहेर व्याज मिळवून देतो. म्हणजे एका महिन्याचा उशीर त्या हप्त्याचं जवळपास तीन महिन्यांचं व्याज खाऊन टाकतो. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीत हा दंड शंभराला एक रुपया आहे. पण चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं आणि ते पुन्हा सुरू करायला दोनच महिने मिळतात. पोस्टात दरमहा शंभर रुपयांपासून आरडी काढता येते. आपल्याला सहज झेपेल त्यापेक्षा थोडा कमीच हप्ता ठरवावा, असं ती सांगते ते याचसाठी. दोन हजारांचे नऊ हप्ते भरून मोडलेल्या आरडीपेक्षा दीड हजारांचे बारा पूर्ण झालेले बरे. मुदतीआधी मोडली की ठरलेला दर मिळत नाही. जितके महिने ठेव चालली तितक्या मुदतीचा दर लागतो आणि बहुतेक बँका त्यातून आणखी काही कापतात.

दुसरी चिठ्ठी फलकाच्या कडेला टाचणीने लावलेली होती, आणि ती जास्त बोचणारी होती. "रोज कमवून रोज खाणाऱ्याने ५ तारीख कुठून आणायची?" लिहिणारा कोण ते तिला कधी कळलं नाही. टपरीवाला असेल, रिक्षावाला असेल, धुण्याभांड्याला जाणाऱ्या मावशींचा मुलगा असेल. या प्रश्नाला आरडी हे उत्तर नाही. आपल्याकडे याचं उत्तर फार पूर्वी कर्नाटकाच्या किनाऱ्यावर सापडलं. उडुपीला १९२५ साली सुरू झालेल्या, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव काढली. बँकेचा माणूस रोज दारात यायचा आणि दोन आण्यांपासून पैसे घेऊन जायचा. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी महाराष्ट्रभर पतसंस्थांच्या रूपाने रुजली आहे. बाजारपेठेतल्या दुकानात संध्याकाळी हातात छोटं मशीन घेऊन येणारा पिग्मीवाला कुणाला ठाऊक नाही?

पिग्मीला व्याज कमी असतं आणि त्याचं कारण सरळ आहे: रोज दारात येणाऱ्या माणसाचं कमिशन त्यातूनच निघतं. रोज पन्नास रुपये, महिन्याला पंधराशे, वर्षाला अठरा हजार. दर तीन टक्के धरला आणि पैसा सरासरीने सहा महिनेच राहतो हे लक्षात घेतलं, तर वर्षाचं व्याज २७० रुपये. इथे व्याज पाहायचं नसतं. गल्ल्यातून रोज पन्नास रुपये उचलून नेणारं कुणीतरी आहे, हीच पिग्मीची खरी कमाई आहे. ज्याची मिळकत रोजची, त्याची बचतही रोजचीच असायला हवी. पिग्मी फार लवकर बंद केली तर अनेक संस्था व्याज देत नाहीत आणि कमिशनही कापतात, म्हणून किमान मुदत आधी विचारून ठेवावी. वर्ष झालं की जमलेली रक्कम तिथेच न ठेवता मुदतठेवीत टाकावी, म्हणजे पुढच्या वर्षी तिला पूर्ण बारा महिन्यांचं व्याज मिळतं.

पिग्मीत बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे पैसे दिले आणि नोंदच झाली नाही. मशीनची पावती किंवा मोबाईलवर संदेश आल्याशिवाय नोट हातातून सोडायची नाही, आणि महिन्यातून एकदा स्वतः कार्यालयात जाऊन पासबुक भरून आणायचं. पिग्मीवाला ओळखीचा असतो, शेजारचा असतो, म्हणून मागायला संकोच वाटतो. पण प्रामाणिक माणूस पावती मागितल्याने दुखावत नाही. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकासुद्धा धरून, ठेव विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला व्याजासकट पाच लाखांपर्यंत आहे. आधी १९९३ पासून एक लाखच होतं. पतसंस्था बँक नसते. पतसंस्थेतल्या पैशाला हा विमा लागू नाही. पाटीवर नाव काय आहे आणि ती बँक आहे की पतसंस्था, हे पिग्मी सुरू करण्याआधी वाचायचं.

तिसरी एक खोच आहे, ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. छोटे दुकानदार पतसंस्थेतून पन्नास हजारांचं कर्ज घेतात आणि ते फेडण्यासाठी रोज पन्नास रुपयांची पिग्मी लावतात. ही पिग्मी रोज किंवा महिन्याला कर्जात जमा होते, की बाजूच्या खात्यात साठत राहून वर्षाअखेरीला वळती होते? चौदा टक्क्यांचं कर्ज असेल आणि पिग्मी बाजूला साठत असेल, तर वर्षभर पूर्ण पन्नास हजारांवर व्याज चढतं: सात हजार रुपये. तेच पंधराशे दर महिन्याला कर्जात गेले असते तर साधारण साडेअकराशे रुपये व्याज वाचलं असतं. बाजूच्या पिग्मीवर मिळाले २७०. पैसा त्याचाच, दिवसही तेच; फक्त तो कोणत्या खात्यात थांबला एवढाच फरक.

इथे आपल्या क्लार्कचा हिशेब उलटा फिरतो, आणि मला तिच्या सगळ्या पानांमध्ये हे पान सर्वांत मोलाचं वाटतं. आरडीत पैसा हळूहळू वाढत जातो, म्हणून व्याज वाटतं त्यापेक्षा कमी मिळतं. हप्त्याच्या कर्जात मुद्दल हळूहळू कमी होत जातं, मग व्याजही कमी व्हायला हवं. दुकानात मात्र 'फ्लॅट रेट' सांगतात. चोवीस हजारांचा मोबाईल, फ्लॅट बारा टक्के, बारा हप्ते. बारा टक्क्यांनी २,८८० रुपये व्याज, एकूण २६,८८०, महिन्याला २,२४०. ऐकायला रास्त वाटतं. पण सहा महिन्यांनंतर तुमच्याकडे त्यांचे निम्मेच पैसे उरलेले असतात आणि व्याज मात्र पूर्ण चोवीस हजारांवर चाललेलं असतं. उतरत्या मुद्दलावर हिशेब केला तर हा दर बारा टक्के राहत नाही, वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के होतो. ज्या काकांनी आरडीच्या व्याजावरून भांडण केलं, त्यांचा मुलगा याच गावात असा मोबाईल घेऊन येतो आणि काही विचारत नाही.

दोन्ही वाटा शेजारी ठेवून पाहा. आधी वर्षभर दोन हजार साठवणारा चोवीस हजारांचा मोबाईल घेतो आणि त्याच्याकडे ८५७ उरतात. आधी मोबाईल घेणारा २,८८० जास्त देतो. फरक ३,७३७ रुपयांचा, म्हणजे जवळपास दोन महिन्यांच्या हप्त्यांचा. मोबाईल आजच हवा असेल, कामासाठी लागत असेल, तर हे पैसे देण्यातही काही वावगं नाही. फक्त आपण किती देतो ते ठाऊक असावं.

'शून्य टक्के' हप्त्याबद्दल तिला जिन्यातच विचारणा झाली. "ताई, आम्हाला तर झीरो पर्सेंटवर मिळाला." रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते, व्याज कुठेतरी दुसऱ्या नावाने लपवलेलं असतं. प्रक्रिया शुल्कात असतं, किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला नाकारलेली असते. ओळखायचं कसं? दुकानदाराला आधी रोखीची शेवटची किंमत विचारायची, हप्त्यांचा विषय त्यानंतर काढायचा. दोन्हींतला फरक म्हणजे व्याज. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत कर्जाच्या मुख्य बाबींचं एक पत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे आकार धरून वार्षिक टक्केवारी एकाच आकड्यात लिहिलेली असते. साडेएकवीसचा आकडा तिथे सापडतो, जाहिरातीत नाही.

या पानावर कुणी लाल पेन चालवलं नाही. हेड कॅशियरनी त्याची झेरॉक्स मागून घेतली, जावयासाठी. टीका थांबली म्हणून तिची भीती गेली असं नव्हे. पुढचं पान लावतानाही ती प्रत्येक आकडा दोनदा काढून बघते, एकदा कॅल्क्युलेटरवर आणि एकदा हाताने, कारण पैशाच्या लेखनात एक शून्य चुकलं तर वाचणाऱ्याचं नुकसान होतं. ही भीती असावी. लोक हसतील ही भीती असते तिथे लेखन ड्रॉवरमध्ये राहतं. आकडा चुकेल ही भीती असते तिथे लेखन सुधारतं. लाल पेनाच्या त्या ओळीमुळे आणि टाचणीच्या त्या चिठ्ठीमुळेच तिची पुढची पानं आरडीच्या पलीकडे गेली, रोजंदारीवाल्यापर्यंत आणि कर्जदारापर्यंत पोचली. आता पानाखाली ती स्वतःचं नाव लिहिते.

बँकेत, पतसंस्थेत, पोस्टात काम करणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. रोज शंभर वेळा समजावून सांगता तो एखादा हिशेब कागदावर उतरवा. ग्राहकाचं नाव नको, संस्थेची जाहिरात नको, वरिष्ठांना आधी दाखवा. आणि काउंटरच्या या बाजूला उभ्या असणाऱ्यांनी एवढं करावं: आरडी काढताना दर विचाराल तसा मुदतीला हातात येणारा आकडा लिहून मागा, आणि कर्ज घेताना सहीआधी ते पत्रक मागून त्यातली वार्षिक टक्केवारी वाचा. हे दोन्ही मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्यासाठी कुठलंही शुल्क लागत नाही.